555 चा चालू वेळ निम्म्याच्या खाली का येत नाही

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं शॉप आहे. बँडसॉच्या पात्यावर कूलंटचा फवारा मारायला 12 व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावलाय. अर्धा सेकंद चालू, दोन सेकंद बंद असं पाहिजे. 555 वर सर्किट केलं, R2 180 किलोओम आणि C 10 मायक्रोफॅरॅड. R1 कमी करत करत 100 ओमवर आणला तरी चालू वेळ निम्म्याच्या खाली येईना, आणि शेवटी तो 100 ओमचा रेझिस्टरच काळा पडला. काय चुकतंय?

उत्तर: R1 आणखी कमी करू नका, तिकडे तुम्हाला पाहिजे ते नाहीच. C आहे तोच ठेवा, R1 220 किलोओम आणि R2 68 किलोओम लावा, आणि पिन 3 वर व्होल्टेज नसेल तेव्हा व्हॉल्व्ह उघडेल अशी जोडणी करा. व्हॉल्व्ह साधारण 0.47 सेकंद उघडा आणि 2 सेकंद बंद राहील. घाई असेल तर एवढं करून बघा. पण असं का हे समजलं तर पुढच्या वेळी रेझिस्टर जळणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आयसीच्या पोटात प्लस आणि ग्राउंडच्या मध्ये 5-5 किलोओमचे तीन रेझिस्टर एका ओळीत आहेत. (555 हे नाव त्यावरूनच पडलं असं आमच्या उद्यमनगरात सगळे सांगतात. ज्यांनी हा आयसी सिग्नेटिक्समध्ये 1971 च्या सुमारास डिझाइन केला त्या हान्स कामेनझिंडांनी मात्र सांगून ठेवलंय की हा आकडा कंपनीतल्या मार्केटिंगच्या माणसाने सहज दिला होता.) तीन सारखे रेझिस्टर, म्हणजे पुरवठ्याचे तीन सारखे भाग. 12 व्होल्ट दिले की आत दोन खुणा तयार होतात, एक 4 व्होल्टला आणि दुसरी 8 व्होल्टला. पिन 2 खालच्या खुणेवर नजर ठेवते, पिन 6 वरच्या खुणेवर. आपण या दोन्ही पिना एकत्र करून कपॅसिटरला जोडतो. कपॅसिटर भरत भरत 8 व्होल्टला गेला की पिन 3 खाली जाते आणि त्याच क्षणी पिन 7 आतून ग्राउंडला चिकटते. मग कपॅसिटर रिकामा होऊ लागतो, 4 व्होल्टला आला की पिन 3 परत वर, पिन 7 सुटते, भरणं पुन्हा सुरू. कपॅसिटर दिवसभर 4 आणि 8 च्या मध्ये येरझाऱ्या घालतो, आणि आपल्याला मिळणारी वेळ म्हणजे या येरझाऱ्यांची वेळ.

आता रेझिस्टर कुठे आहेत ते नीट बघा. R1 हा प्लस आणि पिन 7 च्या मध्ये आहे, R2 हा पिन 7 आणि कपॅसिटरच्या मध्ये. भरताना करंट प्लसकडून R1 मधून, मग R2 मधून कपॅसिटरमध्ये येतो. रिकामा होताना मात्र तो R2 मधून थेट पिन 7 मध्ये शिरतो आणि ग्राउंडला जातो, R1 वाटेत येतच नाही. भरायची वाट दोन रेझिस्टरची, रिकामं व्हायची एकाच रेझिस्टरची. भरताना पिन 3 वर असते, रिकामं होताना खाली. म्हणून वर राहायचा वेळ खाली राहायच्या वेळेपेक्षा नेहमीच जास्त असणार. R1 शून्याकडे नेलात तर दोन्ही वेळा जवळजवळ सारख्या होतील, बस. तुमचंच सर्किट घ्या. 180 किलोओम आणि 10 मायक्रोफॅरॅडवर एका बाजूचा वेळ सव्वा सेकंद येतो. एकूण अडीच सेकंद बरोबर जमलेत, पण सव्वा-सव्वा असे वाटले गेलेत. तुम्हाला तेच तर दिसत होतं.

वेळेची सूत्रं अशी:

```
t1 = 0.693 × (R1 + R2) × C        (पिन 3 वर)
t2 = 0.693 × R2 × C               (पिन 3 खाली)
f  = 1.44 / ((R1 + 2 × R2) × C)
```

0.693 हा आकडा कुठून येतो हे बरेच जण विचारत नाहीत, पाठ करतात. खरं तर गंमत त्यातच आहे. कपॅसिटर रेझिस्टरमधून भरताना 12 व्होल्टच्या दिशेने निघालेला असतो. सुरुवातीला 4 वर असतो, म्हणजे 8 व्होल्टचं अंतर बाकी. 8 वर पोचला की 4 व्होल्टचं अंतर बाकी. अंतर बरोबर निम्मं झालं. रिकामा होताना तो शून्याकडे निघालेला असतो. 8 व्होल्टचं अंतर होतं, 4 वर आला, पुन्हा निम्मं. असं अंतर निम्मं व्हायला लागणारा वेळ ओम आणि फॅरॅडच्या गुणाकाराच्या 0.693 पट असतो, कुठूनही सुरू केलं तरी तेवढाच. 100 किलोओम आणि 10 मायक्रोफॅरॅडचा गुणाकार एक सेकंद, तर निम्मं व्हायला 0.693 सेकंद.

यातून एक मोठा फायदा पदरात पडतो. पुरवठा 12 ऐवजी 9 व्होल्ट झाला तर खुणा 3 आणि 6 वर सरकतात, पण अंतर निम्मं होणं तसंच राहतं. म्हणून शॉपमधलं व्होल्टेज जरा वर-खाली झालं तरी 555 ची वेळ जवळपास हलत नाही. हे लक्षात असू द्या, पुढे डायोडच्या वेळी लागेल.

आता तो काळा पडलेला रेझिस्टर. पिन 7 ग्राउंडला चिकटते तेव्हा R1 सरळ 12 व्होल्ट आणि ग्राउंडच्या मध्ये येतो. 100 ओमवर 120 मिलीअँपिअर, म्हणजे 1.44 वॉट, आणि ते अर्धा वेळ. सरासरी पाऊण वॉटच्या आसपास उष्णता पाव वॉटच्या रेझिस्टरमध्ये. तो बिचारा काय करणार. R1 च्या जागी नुसती तार टाकली असती तर रेझिस्टरऐवजी आयसीच गेला असता. माझा नियम असा की R1 कधी 1 किलोओमच्या खाली न्यायचा नाही. आणि तुमचा तो 555 दुसऱ्या सर्किटमध्ये लावायच्या आधी तपासून घ्या, पिन 7 ने चांगलाच मार खाल्लाय.

दोन्ही सूत्रांचा भागाकार केला तर C निघून जातो आणि हे उरतं:

```
t1 / t2 = 1 + R1 / R2
```

म्हणजे दोन वेळांचं प्रमाण फक्त R1 आणि R2 च्या प्रमाणावर ठरतं, आणि ते ठरल्यावर C बदलून एकूण वेग कमी-जास्त करता येतो. C दुप्पट केला की दोन्ही वेळा दुप्पट, प्रमाण तेच. म्हणून मी आधी रेझिस्टरांचं प्रमाण ठरवतो आणि मग कपॅसिटर. तुम्ही नेमकं उलट केलंत, R2 आणि C आधी पक्के केलेत आणि सगळा भार एकट्या R1 वर टाकलात.

तुम्हाला दोन सेकंद आणि अर्धा सेकंद हवेत, चारास एक. हे प्रमाण 555 ला अगदी सोपं आहे, फक्त त्याच्याकडे ते उलट्या बाजूने मागा. दोन सेकंद पिन 3 वर, अर्धा सेकंद खाली. प्रमाण 4, म्हणजे R1 हा R2 च्या तिप्पट. अर्ध्या सेकंदासाठी R2 72 किलोओम येतो, दुकानात मिळतो 68 चा. R1 216 चा येतो, मिळतो 220 चा. आता मोजा. t2 म्हणजे 0.693 गुणिले 68 किलोओम गुणिले 10 मायक्रोफॅरॅड, 0.47 सेकंद. t1 साठी 220 आणि 68 मिळून 288 किलोओम, बरोबर 2 सेकंद. बाजारात सहज मिळणाऱ्या दोन किमतींत काम झालं. कूलंटच्या फवाऱ्याला तीन शतांश सेकंदाचा फरक कळतही नाही.

राहिलं व्हॉल्व्ह चालवणं. तुम्ही व्हॉल्व्ह किती करंट घेतो ते लिहिलेलं नाही. त्याच्या कॉइलचा रेझिस्टन्स मीटरने मोजा. 36 ओमच्या आसपास आला तर करंट साधारण एक तृतीयांश अँपिअर, आणि 555 ची पिन 3 फार तर 200 मिलीअँपिअरपर्यंतची आहे. थेट जोडू नका. पिन 3 वरून 10 किलोओममधून बीसी 547 चा बेस, त्याचा एमिटर ग्राउंडला. त्याच्या कलेक्टरला 12 व्होल्टवरून 1 किलोओम, आणि त्याच कलेक्टरवरून टिप 122 चा बेस. टिप 122 चा एमिटर ग्राउंडला, कलेक्टर आणि 12 व्होल्टच्या मध्ये व्हॉल्व्ह. पिन 3 वर असली की 547 चालू होतो, टिपचा बेस खाली ओढून धरतो, व्हॉल्व्ह बंद. पिन 3 खाली गेली की 547 सुटतो, टिपला 1 किलोओममधून बेस करंट मिळतो, व्हॉल्व्ह उघडतो. उलटापालट एवढ्या एका ट्रान्झिस्टरने होते.

व्हॉल्व्हच्या कॉइलवर 4007 डायोड उलटा लावायला विसरू नका, पट्टीची बाजू 12 व्होल्टला. टिपच्या आत डायोड असतो म्हणून हा नको, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, तो डायोड वेगळ्या जागी आहे, कॉइलचा फटका तो गिळत नाही. आणि 555 च्या पिन 8 आणि 1 वर अगदी जवळ 0.1 आणि 100 मायक्रोफॅरॅड लावा, पिन 5 वरून ग्राउंडला 0.01 मायक्रोफॅरॅड. साधा 555 बाजू बदलताना क्षणभर स्वतःच पुरवठ्यातून मोठा करंट ओढतो. हे कपॅसिटर नसले की व्हॉल्व्ह कधीतरी लागोपाठ दोनदा टकटक करतो आणि माणूस रेझिस्टर बदलत बसतो.

रिलेचं म्हणाल तर तो पिन 3 आणि प्लसच्या मध्ये लावला की उलटापालट आपोआप होते आणि एकही ट्रान्झिस्टर लागत नाही. पण अडीच सेकंदाला एकदा म्हणजे आठ तासांच्या पाळीत साडेअकरा हजार वेळा. असल्या कामाला रिले लावून दर महिन्याला कॉन्टॅक्ट बघत बसायची माझी तयारी नाही.

तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल की R2 वर एक 4148 डायोड टाका, निम्म्याच्या खाली येईल. ते खरं आहे. डायोडचं तोंड पिन 7 कडून कपॅसिटरकडे असलं की भरताना करंट R2 ला वळसा घालून जातो, मग भरणं फक्त R1 वर आणि रिकामं होणं फक्त R2 वर. दोन्ही वेळा सुट्या होतात. पण डायोड स्वतःसाठी अर्धा व्होल्ट ठेवून घेतो. आता कपॅसिटर 12 कडे जात नाही, साडेअकराकडे जातो. बाकी अंतर साडेसातवरून साडेतीनवर येतं, निम्म्याहून कमी होतं, म्हणून वेळ जास्त लागतो. 0.693 च्या जागी 0.76 येतो. म्हणजे अर्ध्या सेकंदासाठी 72 नाही, 66 किलोओमच्या आसपास. 12 व्होल्टवर एवढंच. पण तेच सर्किट 5 व्होल्टवर चालवलंत तर हा आकडा 0.89 च्या जवळ जातो, कारण अर्धा व्होल्ट 5 मधून जाणं आणि 12 मधून जाणं यात फरक आहे. मघाशी सांगितलेला फायदा, पुरवठा हलला तरी वेळ न हलण्याचा, तो डायोडने थोडा घालवला. 12 व्होल्टच्या पक्क्या पुरवठ्यावर डायोड लावायला माझी हरकत नाही. पण व्हॉल्व्ह उलटा चालवून काम होतंय तर मी तो लावणार नाही.

शिवाय उलट्या जोडणीत एक गोष्ट फुकट मिळते. R1 फक्त भरायच्या वाटेवर आहे, म्हणजे फक्त व्हॉल्व्ह बंद राहायच्या वेळेत. R1 च्या जागी 100 किलोओम आणि त्याच्या ओळीत 470 किलोओमचा पॉट लावा. पॉट फिरवला की दोन फवाऱ्यांमधला वेळ साधारण 1.2 पासून 4.4 सेकंदांपर्यंत बदलतो, आणि फवारा तोच 0.47 सेकंदांचा राहतो. मशीनवरच्या माणसाला हेच हवं असतं. जाड बार कापताना फवारे जवळजवळ, पातळ पाइपला लांबलांब. त्याला ड्यूटी सायकल कशाला समजावत बसायचं.

आता वेळा मोजायच्या. सर्किट चालू केल्यावर आकडे सूत्राप्रमाणे येणार नाहीत, ही खात्री बाळगा. रेझिस्टर एक किंवा पाच टक्क्यांचे असतात, पण 10 मायक्रोफॅरॅडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर 20 टक्के इकडे-तिकडे असणं अगदी सामान्य आहे. म्हणून C चा आकडा डब्यावर वाचू नका, सर्किटकडूनच काढून घ्या. पॉट न लावता 220 आणि 68 वर चालवा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वीस फवारे मोजा. पहिला फवारा आल्यावर घड्याळ सुरू, तो शून्य धरायचा, आणि विसावा आला की थांबवायचं. हिशेबाने 49 सेकंद यायला हवेत. समजा 57 आले. एक फेरी 2.85 सेकंद झाली. 220 अधिक दोनदा 68 म्हणजे 356 किलोओम, त्याला 0.693 ने गुणलं आणि 2.85 ला त्याने भागलं की C निघतो 11.5 मायक्रोफॅरॅड. आता हा आकडा घेऊन R2 पुन्हा काढा, अर्ध्या सेकंदासाठी 62 किलोओम येईल. एकाच फवाऱ्यावर घड्याळ दाबून मोजाल तर तुमच्या बोटाचीच चूक पंधरा-वीस टक्के येईल, म्हणून वीस.

मोजताना एक सावधगिरी. मी नवीन होतो तेव्हा असंच एक टायमर चालत नाही म्हणून समोर आलं. मी काट्याचा मीटर 10 व्होल्टच्या रेंजवर लावून पिन 6 बघत बसलो. काटा पाचच्या जरासा अलीकडे येऊन थांबला, हलेचना. मी आयसी बदलला, कपॅसिटर बदलला, काटा तिथेच. मीटर काढून हात टेकून बसलो तर टायमर आपला मजेत चालतोय. तो मीटर व्होल्टला 20 किलोओमचा, म्हणजे 10 च्या रेंजवर 200 किलोओम. 288 किलोओममधून येणारा करंट तोच पिऊन टाकत होता, कपॅसिटर कधी 8 व्होल्टपर्यंत पोचतच नव्हता. डिजिटल मीटर 10 मेगाओमचा असतो, त्याने वेळ थोडीशीच ढळते. तरीही शक्यतो पिन 3 वर मोजा, तिथे कुठलाही मीटर लावला तरी फरक पडत नाही.

त्या मीटरने जे केलं तेच गळका कपॅसिटर करतो, आणि तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये खरा त्रास हाच होणार आहे. गोकुळ शिरगावातल्या एका कारखान्यात मी असाच फवाऱ्याचा टायमर दिला होता, पॉटसकट. एप्रिलमध्ये फोन आला, सकाळी चालतो, दुपारी व्हॉल्व्ह उघडतच नाही. जाऊन बघितलं तर पॉट शेवटपर्यंत फिरवलेला. पिन 6 वर डिजिटल मीटर साडेसातच्या आसपास थांबलेला, वर जाईना. पॉट जरा मागे घेतला की टायमर लगेच जिवंत.

हिशेब बघा. पॉट शेवटाला असताना R1 570 आणि R2 68, मिळून 638 किलोओम. कपॅसिटर 8 व्होल्टच्या जवळ येतो तेव्हा रेझिस्टरांवर फक्त 4 व्होल्ट उरतात, म्हणजे करंट सुमारे 6 मायक्रोअँपिअर. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर स्वतःमधून थोडा करंट गळू देतोच, आणि तापला की गळती वाढते. गळती त्या 6 मायक्रोअँपिअरला गाठते त्या क्षणी भरणं थांबतं. वरची खूण येत नाही, पिन 3 वरच राहते, व्हॉल्व्ह बंद. त्याआधीही वेळ हळूहळू लांबत जाते, पण ते कोणाच्या लक्षात येत नाही.

अशा वेळी बरेच जण मोठा कपॅसिटर आणि लहान रेझिस्टर लावतात. त्याने फार काही साधत नाही, कारण कपॅसिटर मोठा केला की त्याची गळतीही साधारण त्याच प्रमाणात वाढते. मी तिथे चांगल्या बनावटीचा 105 अंशांचा नवीन कपॅसिटर टाकला आणि पॉट 470 चा काढून 220 चा लावला. त्यानंतर फोन आला नाही. तुम्हाला 4 सेकंदांचं अंतर खरंच लागत असेल तर सीमॉस 555 घ्या, 7555 म्हणून मिळतो, आणि त्यावर 1 मायक्रोफॅरॅडचा फिल्म कपॅसिटर लावा. रेझिस्टर दहापट होतील, 2.2 मेगाओम आणि 680 किलोओम. फिल्म कपॅसिटर जवळजवळ गळत नाही. साध्या 555 ची पिन 6 मात्र स्वतः थोडा करंट घेते, एवढ्या मोठ्या रेझिस्टरवर तोही जाणवतो, म्हणून सीमॉस. पण मेगाओमचे रेझिस्टर लावल्यावर बोर्ड कूलंटच्या तुषारांपासून झाकायलाच हवा. ओल्या धुळीचा एक थर पिन 6 वर बसला की तोही मेगाओमांतलाच रेझिस्टर असतो. बोर्ड धुऊन, वाळवून, वार्निश मारून बंद डब्यात.

शेवटचं, स्टॉप बटणाबद्दल. चालू करताना कपॅसिटर पूर्ण रिकामा असतो, म्हणून पहिली फेरी 4 पासून नाही तर शून्यापासून सुरू होते. पिन 3 पहिल्यांदा 2 ऐवजी सुमारे 3.2 सेकंद वर राहते. उलट्या जोडणीत तेवढा वेळ व्हॉल्व्ह बंद असतो, म्हणजे मशीन चालू केल्याकेल्या फवारा उडत नाही. हे आपल्या सोयीचं आहे. पण पिन 4 गैरसोयीची आहे. ती ग्राउंडला नेली की 555 थांबतो आणि पिन 3 खाली जाते, आणि तुमच्या सर्किटमध्ये पिन 3 खाली म्हणजे व्हॉल्व्ह उघडा. स्टॉप बटण पिन 4 वर लावलंत तर मशीन थांबल्यावर कूलंट अखंड वाहत राहील आणि सकाळी टाकी रिकामी मिळेल. पिन 4 थेट पिन 8 ला जोडून टाका, आणि स्टॉपचा स्विच व्हॉल्व्हला जाणाऱ्या 12 व्होल्टच्या वायरवर लावा, 4007 डायोडच्या अलीकडे, म्हणजे स्विच उघडला तरी डायोड कॉइलवरच राहील.